ट्रस सांध्यागणिक सोडवताना: बाण कुठे काढायचा, ताण-दाब कसा लिहायचा

ट्रसचं गणित चुकतं ते बहुतेक वेळा आकडेमोडीत नाही, बाणात चुकतं. आकडा बरोबर येतो, पण मेंबर ताणात आहे की दाबात, हे उलटं लिहिलं जातं. कागदावर त्याचे दोन-चार मार्क जातात. प्रत्यक्ष कामात मात्र दाबातला मेंबर ताणातला समजून बारीक अँगलचा ठेवला, तर तो वाकतो. म्हणून इथे एकच ट्रस घेऊन तो सगळा सोडवू आणि प्रत्येक सांध्यावर बाणाची दिशा नीट पाहू.

आकृती आधी, समीकरण नंतर

चौकटीच्या वहीवर १ सेंमी = १ मीटर असं माप धरा. खालच्या रेषेवर डावीकडून उजवीकडे तीन-तीन मीटरवर पाच सांधे मांडा: अ, ब, क, ड, इ. म्हणजे एकूण गाळा १२ मीटर. ब, क, ड यांच्या बरोबर वर चार मीटर उंचीवर फ, ग, ह हे तीन सांधे घ्या. आता मेंबर जोडा. खालची कॉर्ड अब, बक, कड, डइ. वरची कॉर्ड फग, गह. दोन टोकांचे तिरके अफ आणि हइ. उभे तीन: बफ, कग, डह. आतले तिरके दोन: फक आणि हक. आतले तिरके वरून खाली येताना मध्याकडे झुकतात, ही प्रॅट ट्रसची ओळख. थॉमस आणि केलेब प्रॅट या अमेरिकी बाप-लेकांनी १८४४ मध्ये याचं पेटंट घेतलं होतं.

चार उंची आणि तीन रुंदी मुद्दाम घेतली आहे. प्रत्येक तिरक्याची लांबी बरोबर पाच मीटर येते आणि कोन काढायची गरजच पडत नाही. तिरक्यातल्या बलाचा उभा घटक ४/५, म्हणजे ०.८ पट आणि आडवा घटक ३/५, म्हणजे ०.६ पट. साइन कुठे आणि कोसाइन कुठे, हा घोळ टाळायचा असेल तर कोणत्याही ट्रसमध्ये अशाच लांबीच्या गुणोत्तरांनी काम करा. ५३.१३ अंशांचा साइन काढून वाटेत दशांश गाळत गेलात, तर शेवटच्या सांध्यावर बेरीज शून्य येत नाही आणि चूक गणिताची की पूर्णांकनाची, हे कळत नाही.

अ वर हिंज आधार, इ वर रोलर. भार ब वर ४० किलोन्यूटन आणि क वर ४० किलोन्यूटन, दोन्ही खाली. ड वर काही नाही. एकीकडेच जास्त भार ठेवलाय, नाहीतर अर्धा ट्रस सोडवून उरलेला आरशातल्यासारखा उतरवायची सवय लागते.

सोडवायला बसण्याआधी मोजणी करा. मेंबर १३, आधारांच्या प्रतिक्रिया ३ (अ वर उभी आणि आडवी, इ वर फक्त उभी), बेरीज १६. सांधे ८, प्रत्येकाची दोन समीकरणं, म्हणजे १६. जुळलं. मेंबर आणि प्रतिक्रियांची बेरीज सांध्यांच्या दुपटीपेक्षा जास्त आली, उदाहरणार्थ एखाद्या चौकटीत दोन तिरके फुलीसारखे असतील, तर नुसत्या या पद्धतीने उत्तर निघणार नाही. कमी आली तर ती रचना उभीच राहणार नाही. बेरीज जुळली म्हणजे रचना पक्की असं मात्र नाही. एका चौकटीत दोन तिरके आणि शेजारच्या चौकटीत एकही नाही, अशा ट्रसचीही बेरीज जुळते, पण ती रिकामी चौकट डोलते. म्हणून मोजणीबरोबर आकृतीकडेही पाहा: सगळं त्रिकोणांनी बांधलेलं आहे ना?

प्रतिक्रिया

इ भोवती मोमेंट घ्या. ब इ पासून ९ मीटरवर, क ६ मीटरवर. अ वरची प्रतिक्रिया = (४० × ९ + ४० × ६) ÷ १२ = ५० किलोन्यूटन, वर. इ वरची प्रतिक्रिया ८० मधून ५० वजा केली की ३० येते, पण ती वजाबाकीने काढू नका. अ भोवती मोमेंट घेऊन स्वतंत्र काढा: (४० × ३ + ४० × ६) ÷ १२ = ३०. मग दोन्हींची बेरीज ८० येते का पाहा. वजाबाकीने काढलेल्या प्रतिक्रियेची बेरीज नेहमीच जुळते, मग पहिली चुकलेली का असेना. आडवा भार नाही, म्हणून अ वरची आडवी प्रतिक्रिया शून्य.

या दोन्ही प्रतिक्रिया आकृतीवर बाणांनी लगेच काढून टाका. टोकाचा सांधा सोडवताना प्रतिक्रिया विसरणं ही नवख्यांची नेहमीची चूक आहे, आणि मग त्या सांध्याचे सगळे मेंबर शून्य येतात.

बाणाचा नियम

ताणातला मेंबर म्हणजे दोन्ही टोकांनी ओढला जाणारा. त्याला सांधे बाहेर ओढतात, तर तो उलट सांध्यांना स्वतःकडे ओढतो. आपण समतोल सांध्याचा मांडतो, मेंबरचा नाही. त्यामुळे आकृतीवर जो बाण काढायचा तो मेंबर सांध्यावर काय करतो त्याचा. ताण असेल तर बाण सांध्यापासून दूर, मेंबरच्या दिशेने जातो. दाब असेल तर मेंबर सांध्याला ढकलतो आणि बाणाचं टोक सांध्यात घुसतं.

गोंधळ नेमका इथे होतो. एका मेंबरच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांजवळ असे बाण काढले की ताणाच्या मेंबरवर दोन बाण एकमेकांकडे तोंड करून दिसतात. पाहणाऱ्याला वाटतं, दोन्हीकडून चेपतायत, म्हणजे दाब. दाबाच्या मेंबरवर बाण एकमेकांपासून दूर जाताना दिसतात, तेव्हा वाटतं ताण. दोन्ही वेळा उलट. म्हणून मेंबरच्या मधोमध पाहून ठरवू नका. एका टोकाच्या सांध्यावर बोट ठेवा आणि विचारा: बाण या सांध्यापासून दूर जातोय की त्यात येतोय? दूर म्हणजे ताण, आत म्हणजे दाब.

दुसरा नियम: न कळलेला प्रत्येक मेंबर ताणातच आहे असं धरायचं, दिसायला तो उघड दाबातला असला तरी. उत्तर धन आलं तर ताण, ऋण आलं तर दाब. अंदाजाने काही बाण आत आणि काही बाहेर धरले, तर ऋण उत्तराचा अर्थ प्रत्येक मेंबरपाशी वेगळा लावावा लागतो, आणि पाचव्या-सहाव्या सांध्यापर्यंत काय धरलं होतं ते आठवत नाही.

सांधा अ

सुरुवात नेहमी अशा सांध्यापासून, जिथे दोनच मेंबर अज्ञात आहेत. इथे असे दोनच सांधे आहेत, अ आणि इ. अ घेऊ.

अ वर प्रतिक्रिया ५० वर. अफ आणि अब दोन्ही ताणात धरले, म्हणजे अफ चा बाण वर-उजवीकडे आणि अब चा उजवीकडे.

उभी बलं: ५० + ०.८ × अफ = ०, म्हणून अफ = −६२.५.
आडवी बलं: अब + ०.६ × (−६२.५) = ०, म्हणून अब = +३७.५.

अफ दाबात, अब ताणात. आकृतीवर लगेच लिहा: अफ जवळ "६२.५ दा", अब जवळ "३७.५ ता". आकडा नेहमी धन आणि शेजारी अक्षर. "−६२.५ दा" असं कधीही लिहू नका, कारण ऋण दाब म्हणजे ताण की दाब, यावर वाचणाऱ्याला अडावं लागतं. वहीत समीकरण सोडवताना चिन्ह वापरा, आकृतीवर अक्षर.

सांधा ब

पुढे फ वर जायचा मोह होतो, पण तिथे बफ, फग, फक असे तीन अज्ञात आहेत आणि समीकरणं दोनच. म्हणून आधी ब.

उभं: बफ वर ओढतो, भार ४० खाली. बफ = +४०, ताण. आडवं: बक = अब = +३७.५, ताण. इतकंच. बफ इथे भार वर टांगून धरणाऱ्या सळईसारखा काम करतोय.

सांधा फ, जरा थांबून

इथे चार मेंबर मिळतात, त्यातले अफ आणि बफ कळलेले. कळलेला दाब समीकरणात न्यायच्या दोन पद्धती आहेत. एक: बाण ताणाचाच, सांध्यापासून दूर ठेवायचा आणि किंमत −६२.५ टाकायची. दुसरी: बाण खऱ्या दिशेने, म्हणजे सांध्यात घुसणारा काढायचा आणि किंमत ६२.५ धन टाकायची. दोन्ही बरोबर. एकाच वेळी दोन्ही केल्या की चिन्ह दोनदा उलटतं.

दुसरी पद्धत घेऊ. अफ दाबात आहे, म्हणजे तो फ ला ढकलतो, वर-उजवीकडे: वर ५०, उजवीकडे ३७.५. बफ ताणात, तो फ ला खाली ओढतो, ४०. फक ताणात धरला, म्हणजे खाली-उजवीकडे. फग ताणात धरला, उजवीकडे.

उभं: ५० − ४० − ०.८ × फक = ०, म्हणून फक = +१२.५, ताण.
आडवं: ३७.५ + ०.६ × १२.५ + फग = ०, म्हणून फग = −४५, दाब.

आता चिन्ह दोनदा उलटलं असतं तर? उभ्याचं समीकरण −५० − ४० − ०.८ × फक = ० झालं असतं आणि फक = −११२.५ आला असता. हे उत्तर पाहिल्या-पाहिल्या खटकायला हवं. त्याचा उभा घटक ९० होतो, आणि सगळ्या ट्रसवर मिळून भार आहे ८०. ब आणि क मधल्या चौकटीत तिरक्याने पेलायचं उभं बल म्हणजे डावीकडची प्रतिक्रिया वजा तोवरचा भार, ५० − ४० = १०. आपल्या फक चा उभा घटक ०.८ × १२.५ = १० येतो. वरच्या आणि खालच्या कॉर्डी आडव्या असतील, तर कोणत्याही तिरक्याची ही तपासणी तोंडी होते.

सांधा ग आणि शून्य मेंबर

ग वर बाहेरचा भार नाही. फग आणि गह एका सरळ रेषेत, आणि तिसरा कग त्यांना काटकोनात. उभ्या दिशेला एकटा कग आहे, त्याला तोलणारं काहीच नाही, म्हणून कग = ०. आडव्यात गह = फग, म्हणजे ४५ दाब.

नियम असा: भार नसलेल्या सांध्यावर तीन मेंबर, त्यातले दोन एका रेषेत, तर तिसरा शून्य. ड वर हेच आहे: कड आणि डइ एका रेषेत, भार नाही, म्हणून डह = ० आणि डइ = कड. ब वर हा नियम लावता येत नाही, कारण तिथे भार आहे. आणि सांध्यावर दोनच मेंबर असतील, ते एका रेषेत नसतील आणि भार किंवा आधारही नसेल, तर दोन्ही शून्य.

शून्य मेंबर आकृतीवर रिकामा सोडू नका, "०" लिहा. रिकामा ठेवला तर सोडवायचा राहिला असं वाटतं.

क, ड, इ

क वर पाच मेंबर आहेत, पण अज्ञात उरलेत दोनच: हक आणि कड. बक डावीकडे ३७.५ ओढतो. फक ताणात आहे, तो क ला वर-डावीकडे ओढतो: वर १०, डावीकडे ७.५. भार ४० खाली.

उभं: १० + ०.८ × हक − ४० = ०, म्हणून हक = +३७.५, ताण.
आडवं: कड + ०.६ × ३७.५ − ३७.५ − ७.५ = ०, म्हणून कड = +२२.५, ताण.

ड वरून डइ = २२.५ ताण. इ वर उभं: ३० + ०.८ × हइ = ०, हइ = −३७.५, दाब. इ चं आडवं समीकरण आपल्याला लागलंच नाही, म्हणून ते तपासणीला वापरा: डइ सांध्याला डावीकडे २२.५ ओढतो, हइ उजवीकडे ०.६ × ३७.५ = २२.५ ढकलतो. जुळलं.

ह: तपासणीचा सांधा

सगळे मेंबर कळले आणि एक सांधा न वापरलेला राहिला. तिथे नवीन काही काढायचं नाही, फक्त बेरीज करायची. गह दाबात, ह ला उजवीकडे ४५ ढकलतो. हक ताणात, खाली-डावीकडे ओढतो: डावीकडे २२.५, खाली ३०. हइ दाबात, वर-डावीकडे ढकलतो: डावीकडे २२.५, वर ३०. डह शून्य. आडवी बेरीज ४५ − २२.५ − २२.५ = ०, उभी ३० − ३० = ०.

हे शून्य न आलं तर सगळं पुन्हा करू नका. मधूनच एक छेद घेऊन पाहा. बक, फक आणि फग यांतून छेद घेतला आणि क भोवती डाव्या भागाचे मोमेंट घेतले, तर ५० × ६ − ४० × ३ = १८०, आणि ते ४ मीटर उंचीने भागलं की फग = ४५. हा आकडा तुमच्याकडे जुळत असेल तर चूक बहुधा उजवीकडे आहे. नसेल तर अ, ब किंवा फ मध्ये, नाहीतर प्रतिक्रियेतच.

शेवटी आकृतीवर असं दिसायला हवं:

- दाब: अफ ६२.५, फग ४५, गह ४५, हइ ३७.५
- ताण: अब ३७.५, बक ३७.५, कड २२.५, डइ २२.५, बफ ४०, फक १२.५, हक ३७.५
- शून्य: कग, डह

(सगळे आकडे किलोन्यूटनमध्ये.) रंग वापरत असाल तर आकृतीच्या कोपऱ्यात कोणता रंग कशाचा ते लिहाच. लाल म्हणजे दाब की ताण, याचा संकेत प्रत्येक पुस्तकात आणि सॉफ्टवेअरमध्ये सारखा नसतो. चिन्हांचंही तसंच: काही प्रोग्राम दाब धन दाखवतात. दुसऱ्याचा निकाल वाचताना आधी असा एक मेंबर शोधा ज्याच्याबद्दल शंकाच नाही. साध्या आधारांवरच्या ट्रसवर खाली भार असेल तर खालची कॉर्ड ताणात असते, तिचं चिन्ह पाहा आणि मग बाकीचं वाचा.

हे अक्षर त्या भारापुरतंच

"फक १२.५ ता" हे ब आणि क दोन्हीकडे भार असतानाचं उत्तर आहे. क वरचा भार काढून घ्या. आता अ वरची प्रतिक्रिया ४० × ९ ÷ १२ = ३० होते. अफ चा उभा घटक ३०, बफ तसाच ४० खाली ओढतो. फ वर ३० − ४० − ०.८ × फक = ०, म्हणजे फक = −१२.५. आकडा तोच, पण ताणाचा दाब झाला. भार सरकणाऱ्या पुलावर म्हणूनच एका भाराचं चित्र पुरत नाही. प्रत्येक स्थितीला मेंबर सोडवून त्याचा सगळ्यात मोठा ताण आणि सगळ्यात मोठा दाब, दोन्ही लिहावे लागतात. पत्र्याच्या शेडच्या कैचीतही हेच होतं: वारा छत वर उचलतो आणि ते बल छताच्या वजनापेक्षा जास्त झालं, तर खालची कॉर्ड दाबात जाते.

याचा मापावर थेट परिणाम होतो. ताणातला मेंबर मुख्यतः छेदाच्या क्षेत्रफळावर आणि जोडावर तोलला जातो. दाबातला लांब मेंबर पोलाद चेपायच्या कितीतरी आधी बाजूला वाकतो, आणि ही वाकण्याची मर्यादा लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. म्हणून आयएस ८००:२००७ मध्ये कायम आणि चल भाराने दाबात येणाऱ्या मेंबरसाठी कृशतेची, म्हणजे परिणामी लांबी भागिले छेदाची परिभ्रमण त्रिज्या या गुणोत्तराची मर्यादा १८० आहे. कायम ताणातच राहणाऱ्या मेंबरला ४०० चालतं. एरवी ताणात, पण वारा किंवा भूकंपामुळे उलटणाऱ्या कैचीच्या मेंबरला ३५०.

यावरून शून्य मेंबर का काढायचे नाहीत तेही कळतं. कग काढला तर फ पासून ह पर्यंत सहा मीटरचा एकच दाबातला मेंबर उरतो. कग त्याला मध्ये धरतो आणि ट्रसच्या पातळीत लांबी तीन मीटर होते. तोच छेद त्या पातळीत चौपट दाबापर्यंत वाकत नाही. आणि डह शून्य आहे तो फक्त ड वर भार नाही म्हणून. उद्या तिथे ४० आले की त्यात थेट ४० चा ताण येईल.

पद्धत कुठे थांबते

वरचं सगळं दोन गृहीतांवर चालतं: सांधे पिनचे आहेत आणि भार सांध्यांवरच येतो. गसेट प्लेटला वेल्ड केलेला सांधा पिन नसतो, पण सगळ्या मेंबरच्या मध्यरेषा एका बिंदूत मिळत असतील तर बारीक मेंबरच्या ट्रसला हे उत्तर चालतं. मध्यरेषा हुकल्या, तर सांध्यावर मोमेंट येतो आणि तो या गणितात कुठेच दिसत नाही. भाराचंही तसंच. पर्लिन दोन सांध्यांच्या मध्ये ठेवली, तर तिचा भार जवळच्या दोन सांध्यांवर वाटून ट्रस सोडवता येतो, पण वरच्या कॉर्डमध्ये दाबाबरोबर वाकही येतो आणि तो वेगळा काढून त्या मेंबरचं माप ठरवावं लागतं. मेंबरचं स्वतःचं वजनही असंच अर्धं-अर्धं दोन्ही टोकांच्या सांध्यांवर टाकतात.